घातांकी वाढ आणि ऱ्हासाची वर्कशीट: दर बदलताना आणि पाया निवडताना काय काय चुकलं

३ जून

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी बारा प्रश्नांची वर्कशीट करायची आहे, सहा लोकसंख्येवर आणि सहा अर्धायुकालावर. गेल्या वर्षीची माझीच वर्कशीट आणि तिची उत्तरसूची हाताशी आहे. तेव्हा दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून वर्गात वाद झाला होता आणि घाईत मी सूचीचीच बाजू घेतली होती. ते मनात राहिलं. म्हणून या वेळी जुन्या उत्तरावर भरवसा न ठेवता प्रत्येक गणित नव्याने सोडवायचं आणि प्रत्येकाचा ताळा करायचा असं ठरवलं. दोन संध्याकाळी पुरतील असा अंदाज होता, गेल्या सात.

एकच वाढ तीन प्रकारे लिहिता येते, ती आधी समोर मांडून ठेवली:

```
N = N0 * (1 + r)^t
N = N0 * e^(k*t)
N = N0 * 2^(t/T)
```

पहिल्यात `r` म्हणजे एका वर्षात (किंवा एका दिवसात) प्रत्यक्ष पडणारी भर. दुसऱ्यात `k` म्हणजे सतत चालणारा दर. तिसऱ्यात `T` म्हणजे दुप्पट व्हायला लागणारा काळ. ऱ्हास असेल तर पहिल्यात `1 - r` घ्यायचं, बाकी दोन्हींत घातांकाला उणे चिन्ह लावायचं आणि `T` ला अर्धायुकाल म्हणायचं. तिन्हींचे आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात. पण एका सूत्रातला दर उचलून तसाच दुसऱ्यात टाकला की बसत नाहीत, आणि माझ्या बहुतेक चुका याच जागी निघाल्या.

४ जून

पहिला प्रश्न जगाच्या लोकसंख्येचा. १९६० मध्ये ती सुमारे ३०० कोटी होती आणि १९९९ मध्ये ६०० कोटी झाली. वाढीचा सरासरी वार्षिक दर काढा.

सूचीत लिहिलं होतं: ३९ वर्षांत १०० टक्के वाढ, म्हणून १०० ÷ ३९ = २.५६ टक्के. नजरेला खटकत नाही, गेल्या वर्षी कुणालाच खटकलं नव्हतं. आज तोच दर सूत्रात परत घालून ३९ वर्षं पुढे गेले:

```
300 * 1.0256^39 = 804
```

१९९९ मध्ये ८०४ कोटी! प्रत्यक्षात ८०० कोटींचा टप्पा संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ओलांडला गेला. म्हणजे माझ्या सूचीने जगाला तेवीस वर्षं आधीच तिथे नेऊन ठेवलं होतं.

चूक ओळखीचीच आहे, सरळव्याजाने काढलेला दर चक्रवाढीत वापरला. एकोणचाळीस भागांत वाटायचा असतो तो गुणक, टक्के नव्हेत. दोनचं ३९ वं मूळ काढायचं:

```
2^(1/39) = 1.01793
```

दर १.७९ टक्के. आता ३०० ला १.०१७९३ ने ३९ वेळा गुणलं की ६०० येतात.

हाच प्रश्न पुढे वाढवला. याच दराने १९९९ नंतर तेवीस वर्षं गेलो तर २०२२ मध्ये ९०३ कोटी यायला हवेत, झाले ८००. इथे गणित बरोबर आहे, पण स्थिर दराचं गृहीतक टिकत नाही. १९६० च्या दशकात दर दोन टक्क्यांच्या वर होता आणि शतक संपेपर्यंत बराच खाली आला होता. १.७९ ही मधली सरासरी आहे, १९९९ चा दर नव्हे. हा भाग मी मुद्दाम ठेवला. ९०३ आणि ८०० यांतला फरक आकडेमोडीच्या चुकीचा आहे की प्रतिमानाच्या मर्यादेचा, हे मुलांनी स्वतः सांगायचं आहे.

वेळ: एक संध्याकाळ, एका प्रश्नाला. अंदाज इथेच कोलमडला.

६ जून

अर्धायुकालाचा पहिला प्रश्न आयोडीन-१३१ वर. त्याचा अर्धायुकाल ८.०२ दिवस आहे, वर्कशीटवर ८ घेतला.

भौतिकशास्त्राच्या सरांना सूचीचं पान दाखवलं. त्यांनी पेन्सिलीचं टोक एका ओळीवर टेकवलं आणि म्हणाले, “मॅडम, हे रोज ८.६६ टक्के कुठून आलं?”

मी म्हटलं, “दोनचा नैसर्गिक लॉग भागिले आठ, ०.०८६६.”

“तो क्षयांक झाला. रोज एवढं कमी होतं असं का लिहिलंय?”

ओळ अशी होती: “आयोडीन-१३१ रोज ८.६६ टक्के कमी होतं, म्हणून उरलेला भाग `(1 - 0.0866)^t`.” आठ दिवसांनी ते ४८.४ टक्के येतं. गेल्या वर्षी मी त्यापुढे कंसात “सुमारे ५०” लिहून पुढे गेले होते. ५० च्या जागी ४८.४ हा पूर्णांकनाचा फरक असूच शकत नाही. अर्धायुकालाची व्याख्याच अशी आहे की आठव्या दिवशी नेमके ५० उरले पाहिजेत. तिथेच थांबायला हवं होतं.

०.०८६६ हा त्या क्षणीचा दर आहे. सकाळी शंभर भाग असताना ज्या वेगाने क्षय होतोय, तोच वेग दिवसभर टिकला असता तर ८.६६ भाग गेले असते. पण वेग टिकत नाही. दुपारपर्यंत साठा कमी झालेला असतो, म्हणून क्षयही मंदावलेला असतो. पूर्ण दिवसात प्रत्यक्ष जातात ८.३० भाग:

```
1 - 2^(-1/8) = 0.0830
```

लोकसंख्येत नेमकं उलटं होतं. वर्षभर माणसं वाढत जातात, म्हणून वर्षाअखेरीची प्रत्यक्ष भर सतत दरापेक्षा थोडी जास्त पडते. वरच्याच उदाहरणात `k` १.७७७ टक्के आहे आणि `r` १.७९३ टक्के. वाढीत `k` लहान आणि ऱ्हासात `k` मोठा, एवढं पाहिलं तरी दर उलटा बदलला गेलाय का ते लगेच कळतं. मी उत्तरसूचीच्या समासात हे लाल पेनने लिहून ठेवलंय.

फरक लहान वाटतो, पण तो साठत जातो. ८० दिवसांत दहा अर्धायुकाल होतात, म्हणजे १०२४ भागांतला एक उरायला हवा, ०.०९८ टक्के. चुकीच्या सूत्राने ०.०७१ येतो. उत्तर पाव हिश्शाहून जास्त चुकलं.

७ जून

काल रात्री आणखी एक शंका आली म्हणून आज तोच प्रश्न परत उघडला. मुलं ५० ÷ ८ = ६.२५ करणार हे नक्की. ते पुढे दोन वाटांनी जाऊ शकतं.

कुणी `0.9375^8` करेल, त्याला आठव्या दिवशी ५९.७ मिळतील आणि ताळा केला तर चूक सापडेल. पण कुणी रोज मूळ शंभरातले ६.२५ वजा करत गेला, तर आठव्या दिवशी त्याला बरोब्बर ५० मिळतात! ताळा जुळतो आणि रीत पूर्ण चुकीची. सोळाव्या दिवशी त्याच्या हिशेबाने आयोडीन संपून गेलेलं असतं, खरं तर तेव्हा २५ टक्के उरलेलं असतं.

म्हणजे एका अर्धायुकालावर केलेला ताळा पुरत नाही. एका बिंदूतून सरळ रेषाही जाते आणि वक्रही. आता प्रत्येक उत्तर दोनदा तपासते: `t = T` ला निम्मं उरलं का, आणि `t = 2T` ला पाव उरलं का. वर्कशीटमध्येही “सोळाव्या दिवशी किती?” हा उपप्रश्न घातला. त्याला एक ओळ लागते आणि तो सरळ रेषेवाल्यांना हमखास पकडतो.

८ जून

आज सगळी उत्तरं स्प्रेडशीटमध्ये घालून एकदम तपासू म्हटलं. इथे जवळजवळ तीन तास गेले.

A2 मध्ये दिवस (१६), B2 मध्ये अर्धायुकाल (८). टाकलं ते असं:

```
=2^-A2/B2
```

उत्तर आलं ०.०००००१९ च्या आसपास. यायला हवं होतं ०.२५. आधी वाटलं एकक चुकलं, मग वाटलं आठाऐवजी दुसरा खाना वाचला जातोय. शेवटी कागदावर केलं तेव्हा दिसलं की घात आधी काढला जातो आणि भागाकार नंतर. म्हणजे त्याने दोनचा उणे सोळावा घात काढून त्याला आठाने भागलं. कंस हवाच:

```
=2^(-A2/B2)
```

कागदावर आपण अपूर्णांक वर, लहान अक्षरात लिहितो. तिथे कंस डोळ्याला दिसतोच, म्हणून हात तो टाइप करायला विसरतो. मुलांच्या कॅल्क्युलेटरवरही हेच होणार.

त्याच दिवशीची दुसरी चूक कार्बन-१४ च्या प्रश्नात निघाली. अर्धायुकाल ५७३० वर्षं, नमुन्यात ३० टक्के उरलाय, वय काढा. मी लिहिलं होतं:

```
=5730*LOG(0.3)/LN(0.5)
```

उत्तर ४३२२ वर्षं. एका जागी दहा पायाचा लॉग, दुसऱ्या जागी नैसर्गिक. गंमत अशी की दोन्हीकडे `LOG` लिहिलं किंवा दोन्हीकडे `LN` लिहिलं तर उत्तर एकच येतं, ९९५३ वर्षं. भागाकारात पाया कोणता हे महत्त्वाचं नसतं, दोन्हीकडे तोच असणं महत्त्वाचं असतं. पाया बदलला की दोन्ही लॉग एकाच पटीने बदलतात आणि ती पट कटते.

४३२२ चुकीचं आहे हे आकडेमोड न करताही कळायला हवं होतं. निम्म्यापेक्षा कमी उरलंय, म्हणजे एक अर्धायुकाल तर उलटून गेलाच आहे. उत्तर ५७३० पेक्षा मोठंच हवं. आणि पावापेक्षा जास्त उरलंय, म्हणजे ११४६० पेक्षा लहान. हा अंदाज आधी लिहायचा आणि मग कॅल्क्युलेटर हातात घ्यायचा, अशी सूचना प्रश्नाच्या वर छापायची ठरवली.

९ जून

आता पाया कोणता घ्यायला सांगायचा हा प्रश्न. जुन्या वर्कशीटमध्ये सगळीकडे `e` होता, कारण तो “खरा” पाया आहे असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. तेच कार्बनचं गणित `e` ने, निरनिराळ्या पूर्णांकनाने करून पाहिलं:

```
k = 0.000121  ->  9950
k = 0.00012   -> 10033
k = 0.0001    -> 12040
2^(-t/5730)   ->  9953
```

मुलं `k` काढतात, चार दशांशस्थळांपर्यंत ठेवतात (कारण इतर गणितांत तेवढं पुरतं) आणि पुढे तो वापरतात. इथे चार दशांशस्थळं म्हणजे फक्त एकच सार्थ अंक. ०.०००१ घेतलं की नकळत अर्धायुकालच ६९३१ वर्षं होऊन बसतो आणि उत्तरात दोन हजारांहून अधिक वर्षांचा फरक पडतो. गेल्या वर्षी वर्गात झालेला वाद याच प्रश्नावरचा होता. एका मुलीचं १०,०३३ आलं होतं, दुसऱ्याचं ९,९५३, आणि सूचीत १०,०३३ छापलेलं. मी मुलीला बरोबर म्हटलं होतं. जास्त अचूक दुसरा होता. उद्या त्याला निरोप पाठवणार आहे.

निर्णय: अर्धायुकाल किंवा दुप्पट होण्याचा काळ दिलेला असेल तर पाया २. दिलेला आकडा तसाच सूत्रात बसतो, मधे काही पूर्णांकित करावं लागत नाही. “दर वर्षी इतके टक्के” दिलं असेल तर पाया `1 + r`. `e` फक्त तिथे, जिथे त्या क्षणीचा वेग विचारलाय, उदाहरणार्थ या घडीला सेकंदाला किती अणूंचा क्षय होतोय. तिथे वेग थेट `k*N` असतो आणि दुसरा कुठलाही पाया घेतला तर लॉगचा जादा गुणक मधे येतो. असा एकच प्रश्न ठेवला, बाकी पाच अर्धायुकालाचे प्रश्न २ पायावर आणले. जिथे `k` लागतोच तिथे “तीन सार्थ अंक ठेवा” असं लिहिलं, दशांशस्थळांचा उल्लेख काढून टाकला.

११ जून

दराचा कालखंड बदलण्याचे दोन प्रश्न. वर्षाला १.२ टक्के वाढ, महिन्याचा दर किती? बाराने भागून ०.१ टक्के येतो, बरोबर उत्तर ०.०९९४५. फरक इतका बारीक की वर्कशीटमधून काही शिकायलाच मिळत नाही. उलट भागाकार चालतो असं मनात ठसतं. लहान दरांना तो खरंच जवळपास चालतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

तो प्रश्न काढला. त्याजागी जिवाणू आणले. चांगल्या परिस्थितीत ई. कोलाय सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. तासाला वाढ किती टक्के? वीस मिनिटांना १०० टक्के, तीनदा, म्हणून ३०० असं मन पटकन म्हणतं. पण एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. आठपट, म्हणजे वाढ ७०० टक्के. त्याच्या शेजारीच ऱ्हासाचं जोडगणित: आठ दिवसांत ५० टक्के जातं, तर चोवीस दिवसांत १५० टक्के जाईल का? हे वाचल्यावर गुणाकार-भागाकाराची सवय तिथल्या तिथे अडखळते, मला वेगळं काही सांगावं लागत नाही.

१४ जून

तीन मुलांना बसवून चाचणी घेतली. गणितापेक्षा माझी भाषाच जास्त ठिकाणी अडली.

“लोकसंख्या तिपटीने वाढली” यातून दोघांनी ३ गुणक घेतला, तिसरीने ४ घेतला. मूळ एक आणि वाढ तीन, असा तिचा हिशेब. तिला चूक म्हणता येईना. आता “तिप्पट झाली” असं लिहिलंय. “३० टक्के क्षय झालेला नमुना” आणि “३० टक्के उरलेला नमुना” हेही गोंधळाचं ठरलं. सगळीकडे “उरला” हाच शब्द ठेवला, कारण सूत्रातून बाहेर येतं ते उरलेलंच.

तिसरा बदल एका शब्दाचा. “वार्षिक २ टक्के दराने” हे वाचून एकाने थेट `e^(0.02*t)` मांडलं. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “वाढ तर सतत चालू असते ना, मॅडम?” त्याचं म्हणणं रास्त होतं. वाढ सततच असते, पण दिलेला आकडा वर्षाअखेरी मोजलेला आहे. प्रश्नात आता “दर वर्षाअखेरी आधीच्या वर्षापेक्षा २ टक्के जास्त” असं लिहिलंय आणि त्याखाली उपप्रश्न: याच वाढीचा सतत दर किती? उत्तर `ln(1.02)`, १.९८ टक्के.

तिघांपैकी जिने ४ घेतला होता, ती कार्बनच्या प्रश्नाशी आली तेव्हा मी बाजूलाच होते. तिने आधी समासात लिहिलं, “५७३० ते ११४६० मध्ये”. मग कॅल्क्युलेटरवर बटणं दाबली, आकडा आला ४३२२. तिने समासाकडे पाहिलं, कॅल्क्युलेटर पुसला, बटणांवरची अक्षरं नीट वाचली आणि दुसऱ्यांदा दोन्हीकडे तेच बटण दाबलं.

१५ जून

छपाईला दिली. चाळीस प्रती निघाल्यावर तिसऱ्या पानावर `2^-t/T` कंसाविना दिसलं. ८ तारखेला स्प्रेडशीटमध्ये दुरुस्त केलेली चूक मजकुरात तशीच राहून गेली होती. तेवढं पान बदलून पुन्हा छापलं आणि हाताने टाचलं, दीड तास गेला. पुढच्या वेळी सूत्रं एकाच जागी लिहून तिथूनच मजकुरात आणि स्प्रेडशीटमध्ये उतरवणार.